पोट उजळवून लपणारा मासा

प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षक सरांनी माझ्यापुढे बरणीतला खोल समुद्रातला मासा ठेवला. घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच. नापास झालो तर वर्ष जाणार होतं.

"याच्या पोटावर दिवे कशाला?"

"लपायला, सर."

"उजेड करून लपतात? समुद्र पाहिलाय का?"

"नाही सर. पैठणकडची आमची विहीर पाहिलीय. बुडी मारून वर बघितलं, की पोहणारा भाऊ उजेडात काळाकुट्ट दिसतो. मग मी त्याचा पाय ओढतो. हा मासा वरून येणाऱ्या उजेडाइतकंच पोट उजळवतो. खालच्या शिकाऱ्याला त्याची काळी आकृती दिसतच नाही."

सर हसले. "पास. भावाला म्हणावं, पोटाला दिवे बांध."

मी ते वहीत लिहून घेतलं.