वहिनीच्या नावावरचा मायक्रोमीटर

आमच्या वहिनीचं आणि माझ्या धाकट्या भावाचं एक भांडण मी भिंतीआडून ऐकलं, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. मुद्दाम ऐकायला गेले नव्हते. माझी खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, आणि तीही पातळ. भावानं कात्री नेली होती, जागेवर ठेवली नव्हती. वहिनीचं म्हणणं एवढंच, की कात्री नेलीत तर खिळ्याला तुमचं घड्याळ अडकवून जा; कात्री आणलीत की घड्याळ घ्या.

भाऊ म्हणाला, "मी तुझा नवरा आहे, दुसऱ्या पाळीचा टर्नर नाही."

"टर्नर बरा," वहिनी म्हणाली. "तो निदान आणून देतो."

पुढं महिनाभर भावाला कुणी वेळ विचारली की तो आधी खिळ्याकडे बघायचा.

दोष तिचाही नव्हता. ती एका पंपाच्या कारखान्यात टूल रूम सांभाळायची. तिथली रीत अशी, की प्रत्येकाला आपल्या नंबराचे दहा पितळी बिल्ले. ड्रिल हवं, पाना हवा, की खिडकीत बिल्ला द्यायचा. ती तो बिल्ला त्या हत्याराच्या जागी हुकाला टांगायची. हत्यार आलं की बिल्ला परत. सत्तावीस वर्षं तिनं हेच केलं, आणि भल्याभल्यांना त्या खिडकीशी कान धरून उभं केलं. फोरमनसुद्धा तिच्यासमोर रिकाम्या हातानं यायला बिचकायचा.

या वर्षी तिला एका तंत्रशाळेनं बोलावलं. मुलींना हत्यारं ओळखायला आणि सांभाळायला शिकवायचं. पन्नाशी उलटल्यावर कुणी 'शिकवायला या' म्हणतंय म्हटल्यावर बाई आठ दिवस आरशासमोर जरा जास्तच रेंगाळत होती. तिनं एक तारखेला राजीनामा दिला. शाळेची अट एकच, जुन्या कारखान्याचं रीतसर कार्यमुक्तीचं पत्र घेऊन पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला हजर व्हायचं. नाहीतर दुसऱ्या बाई तयारच होत्या.

दहा-बारा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. दोन प्रती, एकीवर 'मिळाले' अशी सही आणि तारीख घालून तिनं परत दिली, दुसरी घरी आणली. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, त्यामुळं मी बोट ठेवून वाचते. पण वाचलं सगळं. राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. तीस तारीख हा आपला कामाचा शेवटचा दिवस राहील. सोबतच्या यादीतल्या कंपनीच्या वस्तू जमा करून ना-देय दाखला घ्यावा. तो मिळाल्यावर कार्यमुक्तीचं पत्र देण्यात येईल, आणि शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळेल. खाली आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"किती गोड लिहिलंय," मी म्हटलं.

"वन्सं, यादी वाचा," वहिनी म्हणाली.

ओळखपत्र, गणवेशाचे दोन जोड, लॉकरची किल्ली, टूल रूमच्या किल्ल्या, पितळी बिल्ले दहा. आणि सहावी ओळ: मायक्रोमीटर, एक नग, अमुक नंबर, एकोणीस वर्षांपूर्वी दिलेला.

मायक्रोमीटर म्हणजे केसाची जाडी मोजायचं हत्यार. तो तिच्या नावावर आणि परत आलेला नाही. तिचा दहावा बिल्लाही एका कोपऱ्यातल्या हुकाला एकोणीस वर्षं लटकत होता. तिनं तो रोज पुसला होता, पण काढला नव्हता, कारण हत्यार आल्याशिवाय बिल्ला निघत नाही, हा तिचाच नियम. हत्यार कुठं गेलं ते मात्र ती साफ विसरली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ही बातमी तिच्या आधी पोचली. लेथवरच्या टर्नर लोकांना तर सुगीचे दिवस आले. एकानं खिडकीत डोकं घालून विचारलं, "बाई, बिल्ला टांगलाय, माल कुठाय?" हेच वाक्य ती त्याला वीस वर्षं ऐकवत आली होती. मग त्याच टर्नरनं आपला लॉकर उघडून दाखवला, आणि त्याच्यामागं सगळ्यांनी. मायक्रोमीटर सोडून बरंच काही निघालं म्हणे.

फोरमननं सोपा तोडगा सांगितला. 'हरवला' असं लिहून द्या, किंमत तुमच्या हिशेबातून कापून घेऊ, दाखल्यावर मी आज सही करतो. भावालाही ते पटलं. घरी तो म्हणाला की एवढ्याशा वस्तूपायी शाळा हातची घालवू नकोस.

वहिनी ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही. "मुलींना काय शिकवू?" तिनं विचारलं. "हत्यार सांभाळा म्हणून? आणि माझ्या कागदावर 'हरवला'?"



मग तिनं शोधायची तऱ्हा बदलली. लोकांचे लॉकर सोडले आणि स्वतःची जुनी नोंदवही काढली. कपाटाच्या तळातून त्या वर्षाची वही काढून ती जेवणाच्या सुट्टीत पानापानानं वाचायला लागली. पंचवीस तारखेला तिला उत्तर सापडलं. मायक्रोमीटर वापरून वापरून मापात चुकतो, म्हणून अधूनमधून बाहेर तपासायला पाठवतात. तो पाठवताना तिनं स्वतःचा बिल्ला लावला होता. इथवर ठीक. पण पुढच्याच महिन्यात 'नवीन' म्हणून एक मायक्रोमीटर वहीत चढलेला, त्याच्यापुढं खरेदीच्या बिलाचा नंबरच नाही. बिलाशिवाय नवीन वस्तू आली कुठून? अक्षर कुणाचं म्हणाल, तर वहिनीचंच. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वहीत दुसऱ्याचं अक्षर, कारण वहिनी बाळंतपणाच्या रजेवर. माझी भाची त्याच आठवड्यात जन्मली.

तो 'नवीन' मायक्रोमीटर तपासणीच्या खोलीत दिल्याची नोंद होती; ती वही घेऊन तडक तिकडं गेली. तिथल्या वयस्क तपासनिसांच्या टेबलावर तो मायक्रोमीटर रोजच्या वापरात होता. तिनं भिंग मागितलं. नव्या नंबराच्या शेजारी, घासलेल्या जागी, जुना नंबर पुसट दिसत होता. तपासून परत आला तेव्हा नवे नंबर द्यायची टूम निघाली होती. तिनं नवा चढवला आणि रजेच्या गडबडीत जुना खोडायचा, बिल्ला बदलायचा राहून गेला.

तपासनीस म्हणाले, "म्हणजे बाई, एकोणीस वर्षं हा माझ्याकडं बिनबिल्ल्याचा आहे?"

"हो," वहिनी म्हणाली. "बिल्ला काढा."

त्यांनी हसत हसत आपला बिल्ला काढून दिला. तिनं जुन्या नोंदीवर रेघ मारली, शेजारी 'चूक माझी' लिहून तारखेसह सही केली, तपासनिसांची सही घेतली आणि मग आपला बिल्ला हुकावरून उतरवला. आस्थापनेच्या साहेबांनी वही बघून यादीतली सहावी ओळ रद्द केली, आणि 'चूक माझी' एवढं लिहायची गरज नव्हती म्हणाले. ती म्हणाली, नोंद आहे, ती पुरी पाहिजे.

त्या रात्री तिनं दोनदा आमटी वाढून घेतली. भावानं तिला चिडवून घ्यायची संधी अजिबात सोडली नाही, आणि तिनंही त्याला भरपूर चिडवू दिलं.

तीस तारखेला मी आणि भाऊ कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. आत भाषणं झाली असावीत, कारण टाळ्या ऐकू आल्या. साडेपाचला ती बाहेर आली. एका हातात कार्यमुक्तीच्या पत्राचं पाकीट, दुसऱ्या हातात टूल रूमच्या किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या तेवढ्या शेवटचं कुलूप लावून फाटकाशी द्यायच्या, असं आस्थापनेशी ठरलं होतं. टर्नर मंडळी तिला सोडायला फाटकापर्यंत आली होती.

ती सुरक्षेच्या खिडकीशी गेली. तिथल्या रखवालदारानं जुडगा घेतला आणि न बघता खिळ्याला अडकवायला निघाला. म्हणाला, आज राहू द्या बाई, आज तरी.

"मोजा," वहिनी म्हणाली.

त्यानं मोजल्या. सात. तिनं खिडकीतल्या वहीत तारीख घातली, वेळ घातली, सही केली, आणि त्याचीही सही होईपर्यंत तिथंच उभी राहिली.