वाकवून बघायचा सांधा

करुणाने जोडलेल्या सांध्यातून कापलेली पट्टी चाचणीच्या मशीनमध्ये वाकली आणि तिच्या डोळ्यांदेखत मधोमध उघडली. पिकलेली शेंग तडकावी तशी.

"मूळ, म्हंजे तळाचा थर, भरलंच नाय तुमचं," अप्पाराव म्हणाले. चिकलठाण्याच्या त्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डरांची चाचणी तेच घेत. "वरून सांधा देखणा आहे, ताई. आतून पोकळ."

करुणाने मांडीवरची फाईल पुढं केली. अकरा प्रमाणपत्रं होती तिच्यात. आयटीआयचं होतं, संगणकाचं होतं, फायर सेफ्टीचं होतं, आणि ऑनलाईन वेल्डिंगची चार होती, चारही सोनेरी शिक्क्यांची. अप्पारावांनी फाईल उघडली नाही.

"कागद कुणाचाही असू द्या. आमच्याकडं पाईप जोडून दाखवावा लागतो. एक जागा दोन महिने रिकामी ठेवतो. मग मात्र दुसऱ्याला द्यावी लागंल."

करुणा एकतीस वर्षांची. पुंडलिकनगरच्या गल्लीत ग्रिलच्या दुकानात सात वर्षं खिडक्या आणि जिने जोडत आली होती. हात चांगला होता. पण कारखान्यात स्टीलचा पाईप पंचेचाळीस अंशांत तिरपा आवळलेला असतो. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती वाकायचं. आत आर्गॉन वायू सोडून ठेवायचा, नाहीतर सांध्याचं मूळ काळं, रवाळ पडतं. यातलं काहीच तिच्या अकरा कागदांनी शिकवलं नव्हतं.

घरी तिचे वडील, सांडूआबा, वाटच बघत होते. आबा चौथीनंतर शाळेत गेले नव्हते. पोरीचा प्रत्येक कागद त्यांना मिरवणुकीसारखा वाटे.

"मग आणखी एक मोठं सर्टिफिकेट घे," ते म्हणाले. "त्या प्रणयचा फोन आला होता. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग इन्स्पेक्टरचं हाये म्हणं. दोन दिवसांत."

प्रणय कोर्स विकायचा. संध्याकाळी तो स्वतःच आला. "ताई, आजच नाव द्या. उद्या बॅच भरते."

"परीक्षा कोण घेतं?" करुणाने विचारलं.

"ऑनलाईन असते. सगळे पास होतात."

"मी जोडलेला तुकडा कोण कापून बघतं?"

"तुकडा कशाला लागतो?"

करुणाने त्याच्यासमोरच अप्पारावांना फोन लावला. "साहेब, दोन दिवसांचा इन्स्पेक्टरचा कोर्स केला तर चालंल का?"

"वेल्डरच्या कामाला? नाय. आणि इन्स्पेक्टर व्हायला वरीसभर सांधे बघावे लागत्यात, ताई."

प्रणय उठून गेला. आबा चिडले. "फुकाट घालवला त्याला! शिकायला नगं म्हणतीस व्हय?"

"शिकायचंच हाये, आबा. पण मला हात शिकवायचाय."

दुसऱ्या दिवशी ती सरकारी प्रशिक्षण केंद्रात गेली. फॉर्म भरायच्या आधी वर्कशॉप बघू द्या, म्हणाली. कोपऱ्यात वाकवलेल्या पट्ट्यांचा ढीग होता, निम्म्या फुटलेल्या. तिला तेच हवं होतं. सहा आठवड्यांचा कोर्स; रोज पाईप, रोज कापणं, रोज वाकवणं. ग्रिलच्या दुकानातून तिने रोज अर्धा दिवस सुट्टी मागितली, मालकाने महिनाभर तोंड फुगवलं.

पहिले तीन आठवडे एकही पट्टी टिकली नाही. पाईपच्या खालच्या बाजूला, जिथं मान उलटी करावी लागते, तिथंच मूळ सुटायचं. चौथ्या आठवड्यात तिने जमिनीवर आडवं होऊन, कोपर खाली टेकवून जोडून बघितलं. मूळ भरलं.

दोन महिन्यांची मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा ती अप्पारावांसमोर पुन्हा उभी राहिली. पाईप जोडला. थंड झाला. त्यातून चार पट्ट्या कापल्या.

पहिली वाकली, शाबूत. दुसरी शाबूत. तिसरीही. चौथी खालच्या बाजूची होती. मशीन हळूहळू दाबत गेलं. वळणावर केसाएवढी रेघ उमटली.

"थांबा," अप्पाराव म्हणाले. त्यांनी भिंग काढलं, पट्टी उजेडात धरली, मोजपट्टी लावली. करुणाला आपल्या हातमोज्यांचा वास येत होता, जळक्या चामड्याचा.

"दोन मिलिमीटर," ते म्हणाले. "तीनपर्यंत चालतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पास. पण ही परीक्षा आमच्या दप्तरात राहते, दुसऱ्या कारखान्यात परत द्यावी लागंल. आणि सहा महिने हे काम केलं नाय तर इथंबी संपली."

आबांना हे पटायला वेळ लागला. "कागद देत नाईत? मग पास झालीस ते कसं कळायचं?"

"कामावरनं," करुणा म्हणाली.

सोमवारी मात्र सहाच्या आधी उठून आबांनी तिचा डबा स्वतः बांधला, आणि रिक्षा वळेपर्यंत फाटकाशी उभे राहिले. त्या आठवड्यात तिचा पहिला खरा सांधा एक्स-रेला गेला. निकाल गुरुवारी दुपारी आला: नितळ, आत कुठं पोकळी नाही. तोवर तिने त्या दिवशीच्या डब्याला हात लावला नव्हता.