दिवेलागणीचा फोन

मावशीच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. ही सोय तिला माहीतही नव्हती. विमा एजंटाशी झालेलं बोलणं तिच्या मुलीने शोधून काढलं, तेव्हा मावशीने मला बोलावलं. "तू शिकलायस. ऐक आन् मला समजंल असं एका कागदावर लिहून दे. उद्या सकाळी त्यो फॉर्म घिऊन येनार हाय."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मोहोळजवळच्या गावातून सोलापूरला आलो तेव्हा तीन वर्षं हिच्याच घरी राहिलो, हिच्याच कडक भाकरीवर शिकलो. त्या भाकरी आणि शेंगाचटणी विकून तिने साठवलेले पैसे आता या पॉलिसीत जाणार होते. मुलगी नुकतीच दहावी झाली होती. बारावीनंतर तिला नर्सिंगला घालायचं, फी याच पैशांतून भरायची, हे मावशीने मनाशी पक्कं केलं होतं. माझ्या कागदात एक वाक्य चुकलं तर ती फीच अडकणार होती.

कागदावर चार रकाने आखले आणि रेकॉर्डिंग लावलं. फायदे: आयुष्याचा विमा पाच लाखांचा, उरलेली रक्कम बाजारात गुंतवणार, वाढ होईलच असं नाही. हे शेवटचं एजंट फार घाईने बोलला होता. हप्ता: वर्षाला पन्नास हजार, दहा वर्षं. लॉक-इन, म्हणजे पैसे गुंतवून ठेवायची मुदत, पाच वर्षांचं. तिथे मावशीने विचारलं होतं, "पोरीच्या फीला मधी पैसं लागलं तर?"

"काकू, तेव्हाचं तेव्हा बघू की! मी हाय ना. घरचाच माणूस."

तो शेजारणीचा जावई. मी ते उत्तर तीनदा ऐकलं. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. 'मध्ये पैसे मिळू शकतात' असं माझ्या हातून जवळजवळ लिहून झालं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, 'विचारलं, उत्तर दिलं नाही.'

चौथा रकाना, काय वगळलं आहे. पहिल्या वर्षात आत्महत्या झाली तर विम्याची पूर्ण रक्कम नाही, गुंतवणुकीचं तेव्हाचं मूल्य तेवढं वारसाला. गंभीर आजाराचं जादा संरक्षण घेतलं तर आधीपासूनचे आजार त्यात धरत नाहीत. मग त्याने विचारलं, "बीपी, शुगर, काही गोळ्या चालू?" मागे घंटी वाजत होती. मावशी ठामपणे म्हणाली, "न्हाय बाबा. समदं बेस हाय."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. ओट्यावरच्या डब्याशेजारी तिच्या साखरेच्या गोळ्यांची पट्टी पडली होती.

"मावशी, हे काय सांगितलंस?"

"आरं, देवापुढं दिवा लावत हुते. दिवेलागणीला रोगाचं नाव घ्यायचं व्हय? वास्तू तथास्तु म्हंती."

"पण फॉर्मवरही हेच लिहिलं, तर उद्या तुझं बरंवाईट झाल्यावर कंपनी म्हणेल, आजार लपवला होता. पोरीचा दावा अडकेल."

"तूच आता बरंवाईट काढ, भर संध्याकाळी!" ती चिडली, पण परातीत पीठ मळणारा हात थांबला होता. "आन् त्येला आता सांगितलं तर? शेजारीण म्हनंल, हिनं माझ्या जावयाला खोटं सांगितलं."

मला तेच भय होतं. याच गल्लीत तिला रोज राहायचं होतं. मी कागद देऊन निघून जाणार. तरी म्हटलं, आत्ताच फोन लावू. तिने स्पीकर चालू केला. मी आधी फीचं विचारलं. 

"पाच वर्षांच्या आत हातात येत नाहीत," तो म्हणाला. "हप्ता बंद केला तरी पैसे पाच वर्षं पुरी झाल्यावरच. काही रक्कम कापूनही जाते."

मावशीने कोपऱ्यात बसलेल्या मुलीकडे पाहिलं. तिला तिसऱ्याच वर्षी फी भरायची होती.

"मग ह्ये पैसं ह्यात न्हाय घालायचं," ती म्हणाली. "फीचं बँकंतच ऱ्हाऊ दे."

"काकू, मग विमाच नको का?"

"निस्ता विमा आसंल, मेल्यावर पोरीला मिळंल असा, तर त्यो सांग. आन् ऐक..." तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. दिवा तेवत होता. ती उठून फोन घेऊन उंबऱ्याबाहेर पायरीवर गेली, आणि तिथून हळू आवाजात म्हणाली, "मला साखर हाय. गोळी रोज खाते."

"बरं झालं सांगितलंत. तपासणी होईल, हप्ता थोडा वाढू शकतो. कदाचित नाहीही मिळणार."

आत येऊन तिने कागद माझ्यासमोर सरकवला. "त्ये बी लिही. तुझ्या अक्षरात."

मी लिहिलं. विमा मिळेल की नाही, हे त्या संध्याकाळी आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीने तो कागद घडी घालून गोळ्यांच्या पट्टीखाली ठेवला आणि पुन्हा परातीपुढे बसली.