अंगावर आलेले हजार शेअर

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलं तर गुडघेदुखीचा विषय काढायचो. आता गुडघेही ऐकणाऱ्यांना पाठ झालेत, म्हणून लिहितो.

लातूरला एका शेअर दलालाच्या ऑफिसात आम्ही पाच-सहा म्हातारे रोज जमायचो. मी कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झालेला, म्हणून ‘सर’. डाळ मिल मुलाच्या हवाली करून आलेले अप्पा माझे मित्र. कपाळाला भस्म लावून सकाळी सव्वानऊला हजर. संगणकावर सौदे टाकायला एक बाई होत्या, नांदेडच्या, चाळिशीच्या आतबाहेर. बाई कमी बोलायच्या आणि आम्ही त्याची भरपाई करायचो.

तो उन्हाळा दुष्काळाचा. नळाला दहा दिवसांनी पाणी. ऑफिसात प्रत्येक जण घरून बाटली आणायचा आणि दुसऱ्याच्या बाटलीकडे बघायचा. त्यातच उदगीर जिल्हा झाला पाहिजे या मागणीनं पुन्हा उचल खाल्ली होती. माझी नोकरी उदगीरला झालेली, म्हणून मी समितीत. अप्पा म्हणायचे, “प्यायला पाणी न्हाई आन् ह्यांना कलेक्टर पाहिजे! कलेक्टर काय हंड्यात भरून देणार हाय का?”

अप्पांना मी एक सौदा करून दिला होता. एका सिमेंट कंपनीचा शेअर तेव्हा सहाशेच्या वर होता. सहाशेचा पुट विकला, चौदा रुपयांना. म्हणजे महिनाअखेरीस भाव सहाशेखाली राहिला, तर समोरच्याकडून सहाशेनं शेअर घ्यायची जबाबदारी अप्पांची. आणि पाचशे ऐंशीचा पुट विकत घेतला, सहा रुपयांना, म्हणजे त्याखाली भाव गेला तर पाचशे ऐंशीनं विकायचा हक्क. लॉट, म्हणजे एका सौद्याचा गठ्ठा, हजार शेअरचा. आठ हजार खिशात आणि जास्तीत जास्त तोटा बारा हजार. मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा म्हणालो, “अप्पा, बैल दोन्ही बाजूंनी बांधलाय. जाऊन जाऊन जाईल कुठं?”

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सौदा संपणार होता. बुधवारी बाई म्हणाल्या, “सर, भाव सहाशेच्या खाली आलाय. उद्या दोन्ही पुट काढून टाकू. मधे थांबला तर वरचा अंगावर येईल, खालचा नुसता मरेल. आता फरकाचे पैसे देऊन सुटत नाही, शेअर उचलावे लागतात.”

नियम बदलल्याचं मी वाचलं होतं, पण जुन्या सवयीनं मला अजून वाटायचं की शेवटी फरक दिला की झालं. मी म्हणालो, “बघू उद्या.”

गुरुवारी मी उदगीरला रस्त्यात बसलो होतो. म्हणजे खरोखर रस्त्यात, सतरंजी टाकून. अप्पांनी ‘सर सांगतील तसं’ म्हणून बाईंना माझ्याकडे टोलवलं होतं. दुपारी अडीचला बाईंचा फोन आला.

“सर, पाचशे नव्वद चाललंय. काढू का? दोनेक हजारांत सुटतंय.”

मागे घोषणा चालू होत्या, आणि पुढचं भाषण माझं होतं. मी म्हणालो, “राहू द्या हो बाई. तोटा बांधलेला आहे.” फोन ठेवला आणि जिल्हानिर्मितीवर वीस मिनिटं बोललो. जिल्हा झाला नाही.

शेअर पाचशे नव्वदवरच बंद झाला. खालचा पुट मेला, वरचा अंगावर आला. अप्पांना सहाशेच्या भावानं हजार शेअर घ्यायचे होते, सोमवारपर्यंत सहा लाख भरून. तेवढे पैसे फक्त नातीच्या मेडिकलच्या फीसाठीच्या ठेवीत होते.

शुक्रवारी सकाळी अप्पा माझ्या आधी येऊन बसले होते. बाजार उघडला तो पाचशे शहाऐंशीला. मी म्हणालो, “थांबू या. वर येईल.”

बाई पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलल्या. “सर, बैलाचं एक दावं कालच सुटलं. आता दोन पुटांची जोडी, स्प्रेड, राहिली नाही, नुसते शेअर आहेत. ते खात्यात येणार सोमवारी, तोवर विकता येत नाहीत. भाव पडला तर खाली काहीच नाही.” मग अप्पांना म्हणाल्या, “पुढच्या महिन्याचं एक लॉट फ्युचर विकून ठेवू, म्हणजे पुढच्या महिन्याच्या विक्रीचा भाव आजच बांधून ठेवू. तेही हजाराचंच. शेअरमध्ये जेवढं जाईल, तेवढं तिकडे येईल. तुमचे जुने शेअर गहाण आहेत, त्यावर मार्जिनची अनामत निघते. विकू?”

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. “विका,” म्हणाले. फ्युचर पाचशे अठ्ठ्याऐंशीला गेलं.

ठेव मोडली. सहा लाख भरले. सोमवारी संध्याकाळी शेअर आले, पण तोवर भाव गडगडला होता. मंगळवारी शेअर होते पाचशे एकसष्टला. माझ्यातला विद्वान तेवढ्यात जागा झाला. “शेअर विका, पण फ्युचर राहू द्या. अजून पडेल, वरचे चार पैसे काढू.”

“न्हाई,” अप्पा म्हणाले. “ज्याच्यासाठी बांधलं होतं ते गेलं, की दावं सोडायचं.”

बाईंनी शेअर विकले आणि पाठोपाठ फ्युचर पाचशे साडेबासष्टला परत घेतलं. सगळं मिळून साडेपाच हजारांचा तोटा, वर दलाली नि कर. आधीचे आठ हजार धरूनही उघड्यावर राहिलो असतो तर एकतीस हजार गेले असते. नातीची ठेव जवळजवळ पूर्ण परत जागेवर गेली.

गोष्ट इथं संपली असती. पण दलाल मालक केबिनमधून बाहेर आले, आणि अप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, “पण सर, गुरुवारी हे काढलं का न्हाई? दोन हजारात सुटत होतं म्हणं. चूक कुणाची?”

सगळे माझ्याकडं बघत होते. तीस वर्षं मी पोरांना ‘सर, चुकलं’ म्हणायला लावलं होतं. मी म्हणालो, “मला कुणी कळवलंच नाही.”

बाईंनी मान वर केली. वाटलं, आता फोनची नोंद काढतील. फोनवरचा प्रत्येक सौदा तिथं रेकॉर्ड व्हायचा, माझं ते ‘राहू द्या हो बाई’ घोषणांसकट तिथं असणार. त्यांनी फक्त छापलेली कॉन्ट्रॅक्ट नोट, सौद्यांची पावती, अप्पांपुढं ठेवली आणि पुन्हा पडद्याकडं वळल्या. मालकांनी रेकॉर्ड ऐकलं नाही. सरांचा शब्द होता ना! पुढच्या महिन्यात बाईंना संगणकावरून काढून नांदेडच्या शाखेत फॉर्म भरायला बसवलं. आम्ही नव्या माणसाला चहा पाजला.

गेल्या वर्षी मी नांदेडला गेलो, मुद्दाम. सोबत उदगीरचे पेढे. बाईंचं आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे, दारावर त्यांच्या नावाची पाटी. रांगेत माझा नंबर आला.

“या सर,” त्या म्हणाल्या. लगेच ओळखलं. “काय काम काढलंत?”

मी म्हणालो, “केवायसी.”

त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं, झेरॉक्स काढली, तीन ठिकाणी सही घेतली. पेढ्यांकडं बघून म्हणाल्या, “कशाचे?” मी म्हणालो, “जिल्हा होईल त्याचे. आधीच खाऊन ठेवा.” त्या हसल्या. मी पायऱ्या उतरलो, गुडघ्यांवर हात ठेवत.

बसमध्ये बसल्यावर तोंडात आलं ते असं होतं: बाई, तुम्ही कळवलं होतं. बुधवारी एकदा, गुरुवारी एकदा. मी खोटं बोललो. मला माफ करा.