रांग

माझी धाकटी बहीण दिल्लीला एकटी होती. नवरा जहाजावर, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन ठरवलेलं. तिचं मागणं एकच होतं, आत नेण्याआधी आई जवळ हवी.

तिकीट मी काढलं. नावाजलेली कंपनी, गोव्यातल्या मोपा विमानतळावरून थेट दिल्ली. घरी बसून चेक-इन करायला गेलो, तर त्यांच्या साइटवर आलं की हे विमान दुसरी कंपनी चालवते, चेक-इन तिच्याकडेच करा. ज्यांनी पैसे घेतले त्यांनीच करायला नको का? मला असल्या गोष्टींचा लगेच संताप येतो. लॅपटॉप मिटला आणि आईला सांगितलं, "विमानतळावरच कर. तिकिटावर जे नाव आहे, त्याच कौंटरवर उभी राहा. दुसरं कुणी काय सांगितलं तरी हलू नकोस."

निघताना बाबांनी चोपडे गावाबाहेर गाडी थांबवायला लावली. आमच्याकडे घरचं माणूस लांब निघालं की गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, सांगितल्याशिवाय जात नाही. नारळ ठेवून बाबांनी गाऱ्हाणं घातलं. विमान, लेक, पोटातलं मूल, डॉक्टर, सगळ्यांना त्यात जागा होती. गाडीवाला आणि आई "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मी गाडीतच बसून घड्याळ बघत होतो.

तरी आम्ही दोन तास आधी पोचलो. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, म्हणून आई एकटीच गेली. दारातून तिने मागे वळून हात केला. त्या दिवशी पर्यटकांची परतीची गर्दी होती. बाबा, गाडीवाला आणि मी बाहेर चहा घेत थांबलो.

बऱ्याच वेळाने आईचा फोन आला.

"अरे, हें आमचें विमान न्हय म्हणता ही पोरगी. दुसऱ्या कौंटरार वच म्हणाली. थंय गेलंय तर तो बंद जालो."

सुटायच्या तासभर आधी कौंटर बंद होतो, हे मला ठाऊक होतं. कौंटर कुणाचा, हे साइटने सांगूनही मी बघितलं नव्हतं. पण ते सुचायच्या आत माझं तोंड सुटलं होतं आणि समोर बाबा होते.

"तुमच्या गाऱ्हाण्यापायी झालं हे. विमान काय देवासाठी थांबतं?"

बाबांच्या हातातला चहा तसाच राहिला. गाडीवाला दुसरीकडे बघू लागला. बाबा एवढंच म्हणाले, "चुकलां माझां. बेगीन आटपूंक जाय होतां."

आई बाहेर आली. त्या दिवशी पुढच्या कुठल्याच विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारची मिळाली. घरी परतताना मागच्या सीटवर ती हळूच म्हणाली, "पलीकडे एक पोरगी 'दिल्ली, दिल्ली' म्हणून हाका मारी होती. दोनदा माझ्या पुढ्यातसून गेली. पण तू सांगलेलंस, हलू नकां."

बाबा पुढे बसले होते. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. मी मोबाइलवर तिकीट उघडलं. विमान क्रमांकाखाली बारीक अक्षरांत विमान चालवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. सामानाचे पंधरा किलो त्याच तिकिटावर छापलेले, ते मी चोख वाचले होते आणि आईची बॅग घरच्या काजू मोजायच्या काट्यावर तीनदा तोलली होती. त्याच्या वरची ओळ मात्र वाचली नव्हती. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिलो.

बहीण सकाळी एकटीच आत गेली. आईने संध्याकाळी नातीला हातात घेतलं. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप होत्या, आणि म्हणूनच घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. मला ते सोयीचं पडलं. याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात मीच दिल्लीला निघालो. तिकीट पुन्हा तसंच, विकणारी कंपनी एक आणि नेणारी दुसरी. या वेळी नेणाऱ्या कंपनीच्या साइटवर चेक-इन केलं, हातातली पिशवी तिच्या नियमाप्रमाणे सात किलोच्या आत बसवली. बाबा सोडायला आले. राखणदाराजवळ मी गाडीवाल्याला गाडी हळू करायला सांगितली.

"थांबू या ना, बाबा?"

"नको," ते म्हणाले. "तुका उशीर जायत." खिडकीतूनच त्यांनी हात जोडले, तेही घाईघाईने.

विमानतळावर मी बरोबर कौंटरवर गेलो. पाच मिनिटांत काम झालं. मग दीड तास नुसता बसून होतो.