साहाय्य गटास, हरवलेल्या आराखड्याबाबत

एआय सेवेच्या साहाय्य गटाला लिहायच्या पत्राचा मसुदा मी आधी कागदावर केला. मी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवते. विषय, संदर्भ, मजकूर, विनंती ही मांडणी दर वर्षी मुलांकडून घोटून घेते, त्यामुळं माझं स्वतःचं पत्र ढिसाळ जाणं मला चाललं नसतं. विषयात लिहिलं : ‘खात्यातील संभाषण नाहीसे झाल्याबाबत.’ खाली मुद्दे घातले. खातं कोणत्या ई-मेलवर आहे. संभाषण शेवटचं कधी उघडलं. त्यात काय होतं. ते परत का हवं आहे.

त्यात काय होतं हे लिहिताना हात थांबला. ‘पीएच.डी.च्या प्रबंधाचा अर्धवट आराखडा’ एवढं लिहून भागतं, पण त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

माझा विषय आजऱ्याच्या काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचा. सुट्टी लागली की मी एसटीनं आजऱ्याला जायची, बायकांच्या शेजारी बसून बोलायची, परत येऊन टिपणं काढायची. टिपणं ढीगभर झाली, पण त्यांचा प्रबंध होईना. मजुरी, कामाचे तास, आरोग्य, शिफारशी ही ठरलेली प्रकरणं माझ्याही डोक्यात होती. मग मी ती टिपणं त्या एआय सेवेत टाकायला लागले. तिथं एकाच लांबलचक संभाषणात माझी वाद घालायची सोय झाली. मी मांडायची, ते विचारायचं. ते मांडायचं, मी खोडायची.

एकदा त्यानं विचारलं की या बायका स्वतः बोलताना कशापासून सुरुवात करतात. मी टिपणं पुन्हा काढली. सगळ्या हातांपासून सुरुवात करत होत्या. काजूच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडं पोळतं आणि काळं पडतं. एक बाई म्हणाली होती, “लग्न ठरवायचं असलं की पोरीला आधी घरी बसवत्यात. हात निवळंपर्यंत पावण्याम्होरं काढत न्हाईत.” मी ते एका कोपऱ्यात टिपून ठेवलं होतं. संभाषणात ते मधोमध आलं. पोरीला कामावरून कुणी काढलं, कधी, तिच्या जागी कुणाला पाठवलं, हे विचारत गेलं तर घरात श्रमावर कुणाचा हक्क चालतो ते दिसत होतं. मजुरीचं प्रकरण त्याच्या मागं गेलं. मला माझा प्रबंध सापडला होता. निम्मी प्रकरणं मुद्द्यांसकट बसली होती आणि राहिलेली कशी बसणार हे दिसत होतं.

आणि मग एका संध्याकाळी लॅपटॉप उघडला, तर डावीकडची संभाषणांची यादी रिकामी.

संशोधन मान्यता समितीची बैठक तोंडावर आली होती. आराखडा तिथं मांडायचा होता. तो राहिला असता तर माझी नोंदणीची मुदत संपत होती, आणि एकदा संपली की या वयात पुन्हा प्रवेश परीक्षेपासून सुरुवात. हेही पत्रात लिहिलं. शेवटी जरा कडक वाक्य घातलं : ‘माझ्या खात्याला दुसरे कुणी हात लावत नाही, तेव्हा हा दोष आपल्याच यंत्रणेतील आहे.’ मदतीच्या खिडकीत सगळं टाइप केलं आणि पाठवलं.

पहिलं उत्तर लगेच आलं, ते यंत्राचंच. त्याच ई-मेलनं लॉग-इन आहात का पाहा. संग्रहात टाकलेली संभाषणं पाहा. शोधाच्या चौकटीत शब्द घालून पाहा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा. मी एकेक करून खूण केली. ‘काजू’ शोधलं, ‘आजरा’ शोधलं, ‘हात’ शोधलं. काही नाही. तसं कळवलं आणि माणसाशी बोलायचं आहे असं लिहिलं.

माणसाचं उत्तर दोन दिवसांनी ई-मेलवर आलं. मजकूर नम्र होता. त्या काळात त्यांच्याकडं बिघाडाची नोंद नव्हती. सगळी संभाषणं एकदम जातात तेव्हा बहुतेक वेळा माणूस दुसऱ्याच खात्यात लॉग-इन असतो, किंवा सेटिंगमधून सगळी एकत्र हटवली गेलेली असतात. पुढं एक प्रश्न होता : घरातल्या किंवा कामावरच्या एखाद्या व्यक्तीच्या फोनवर हेच खातं चालू आहे का?

होतं. ते मीच घालून दिलं होतं. आमचे हे सोसायटीचे सचिव. टाकी धुण्याच्या नोटिशीचा मजकूर त्यांना जमेना, तेव्हा मी माझ्या लॉग-इननं त्यांच्या फोनवर त्या सेवेचं ॲप सुरू करून दिलं. माझ्या यादीत काजूच्या खाली टाकी, टाकीच्या खाली पार्किंग असं रोज दिसायचं. तरी मी दुसरं कुणी हात लावत नाही असं लिहिलं, आणि लिहिताना ते खोटं वाटलं नाही. दुसरं कुणी म्हणजे बाहेरचं. नवऱ्याला त्यात धरायचं हे सुचलंच नाही.

घट बसायच्या आधीचे दिवस. आमच्याकडं तेव्हा घरातलं अंथरूण-पांघरूण, भांडी, माळ्यावरचे डबे, सगळं निघतं आणि धुतलं जातं. हे बैठकीत पितळी समया चिंचेनं घासत बसले होते. सासूबाई बाजूला वाती वळत होत्या.

मी विचारलं, “अहो, तुमच्या फोनवरचं ते ॲप, त्यातलं काही काढलंत का?”

“काढलं की. सगळं साफ केलं परवा.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं. आई म्हणाली घट बसायच्या आत जुनं काय ठेवायचं न्हाई. माळा झाला, कपाटं झाली, म्हटलं फोन पण करूया. तूच वरडत हुतीस की, फोन भरलाय, फोन भरलाय.”

“माझा आराखडा त्यात होता.”

“तुझा तुझ्या लॅपटॉपवर हाय की. त्येला मी कुठं हात लावलाय?” त्यांनी समई उजेडाकडं धरून पाहिली. “माझ्या फोनवरचं तेवढं काढलं.”

तेव्हा मला समजलं. ज्या ॲपवर आमच्याकडं सकाळी फुलांची चित्रं येतात, तिथं आपल्याकडचं काढलं तरी पाठवणाऱ्याकडचं राहतं. यांना तेवढंच ठाऊक. इथं खातं एक, यादी एक; एका फोनवरून हटवलं की सगळीकडून जातं. मी हे सांगितलं. त्यांनी समई खाली ठेवली.

“मग तसं लिहायला नको व्हय त्यांनी?”

“लिहिलेलं असतं. विचारतंही, नक्की हटवायचं का म्हणून.”

“ते सगळंच विचारतंय. फोन रोज धा वेळा विचारतोय नक्की का, नक्की का. कोण वाचतंय?”

सासूबाई म्हणाल्या, “काय गेलं गं एवढं? लिव्हल्यालं डोक्यात असंल की तुझ्या. लिव्ह परत.”

“सून शिकल्याली हाय आई, तिच्या डोक्यात न्हाई, मशिनीत असतंय,” हे म्हणाले. हसायला म्हणूनच म्हणाले. सासूबाई हसल्याही. मी आत गेले.

मी तिथंच रागावून बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा मी दुसरं पत्र लिहायला बसले. आधीच्या पत्रातला दोषारोप मागं घेते, घरातूनच हटवलं गेलं, असं लिहिलं आणि एकच गोष्ट विचारली : तुमच्याकडून परत आणता येईल का?

येत नाही. उत्तर सरळ होतं. हटवलेलं संभाषण वापरणाऱ्याला परत मिळत नाही आणि साहाय्य गटालाही ते काढून देता येत नाही. यंत्रणेतून ते पुरतं पुसलं जायला ठरावीक मुदत असते, पण त्या मुदतीतही ते त्यांच्या हाती नसतं. खात्यातली माहिती उतरवून घेण्याची सोय आहे, मात्र आता तिच्यातही ते येणार नाही. एखादा भाग कुठं नकलून ठेवला असेल, कुणाला पाठवला असेल, तर तो शोधावा. यापुढं प्रत्येकानं स्वतंत्र खातं वापरावं. तुमचं किती श्रमाचं काम गेलं हे आम्ही समजू शकतो, असंही होतं. त्या वाक्याचा मला राग आला. घरात तसं कुणी म्हणालं नव्हतं.

नकलून मी काही ठेवलं नव्हतं. दुधाच्या रतिबापासून गॅसच्या नंबरापर्यंत माझ्याकडं सगळं लिहिलेलं असतं. ते संभाषण मात्र पूर्ण झालं की उतरवू म्हणत राहिले.

मग मी नवं संभाषण उघडलं. त्याला आधीचं काही माहीत असणार नव्हतं, हे ठाऊक होतं. तरी विषय सांगितला आणि आराखडा मागितला. पुढ्यात क्षणात आला, क्रमांक घातलेला, देखणा. प्रस्तावना, मजुरी, कामाचे तास, आरोग्य, शिफारशी. मी हातांचं सांगितलं. ते म्हणालं, हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि आरोग्याच्या प्रकरणात एक उपमुद्दा वाढवला. टिपणं पुन्हा टाकून, पुन्हा भांडून, पुन्हा तिथवर जाता आलं असतं. पण पहिल्यांदा मी कुठं अडले होते आणि कशानं सुटले होते, ते माझंच मला आठवेना. त्याला रात्री-अपरात्रीचे कित्येक महिने लागले होते आणि हाताशी एक आठवडा होता, त्यात घट.

मार्गदर्शक सरांना फोन केला.

“मॅडम, आराखडा म्हणजे आराखडा. समिती काय आतलं वाचत बसत नाही,” ते म्हणाले. “मागच्या खेपेला मंजूर झालेल्या एकाची फाईल पाठवतो. विषय साखर कामगारांचा आहे. साखर काढा, काजू घाला.”

“पण सर, माझी मांडणी वेगळी होती.”

“वेगळी असली की प्रश्न येतात. तुम्हाला मंजुरी पाहिजे का प्रश्न पाहिजेत?”

मंजुरी पाहिजे होती. फाईल आली. एका बैठकीत मी साखर काढली, काजू घातला. हातांना पोटमुद्द्यात जागा दिली : ‘त्वचेच्या तक्रारी’. मुलींना घरी बसवण्याचं कुठंच बसेना, ते सोडलं.

समितीपुढं मी मोजकीच मिनिटं बोलले. एका सदस्यानं नमुना किती जणींचा घेणार विचारलं, दुसऱ्यानं संदर्भसूचीतलं एक साल दुरुस्त करायला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “नीटनेटका आराखडा आहे. आमच्याकडं असे कमी येतात.” मी आभार मानले.

घरी यांनी पेढे आणले होते. सासूबाईंनी एक देवापुढं ठेवला आणि म्हणाल्या, “झालं न्हवं शेवटी? उगं जीव जाळत हुतीस.”

आता मंजूर आराखड्याच्या बाहेर जाता येत नाही. मुख्य मांडणी बदलायची तर पुन्हा समितीपुढं अर्ज, आणि सर त्याला तयार नाहीत. पुढच्या सुट्टीत मी आजऱ्याला जाईन. प्रश्नावली छापून झाली आहे. पहिला प्रश्न मजुरीचा आहे. बायका हातांचं सांगायला लागल्या की मला त्यांना थांबवून म्हणावं लागेल, ते नंतर घेऊ.