घर आणि पण

जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेला, तिथे दारावर फक्त आकडा. म्हणून नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी घर बांधलं, तेव्हा नाव त्या स्वतःच ठेवणार होत्या. सगळी वस्ती त्यांना सिस्टरच म्हणायची. पोटची दोन मुलंही कधीकधी चिडवायला म्हणायची.

थोरल्याला ‘वैभव’ हवं होतं.

“कुठलं रे वैभव? प्लास्टर अजून ओलं आहे. लोक हसतील,” सिस्टर म्हणाल्या.

धाकटी सून म्हणाली, “मग ‘कृतज्ञता’?”

“अगं, जोडाक्षरं पत्र्यात कापली की बारीक कोपरे गंजतात. आणि रस्त्यावरून वाचेपर्यंत माणूस पुढच्या गल्लीत पोचेल.”

धाकटा हसला. “आई सगळ्याला नावं ठेवते, पण नाव काही ठेवत नाही.”

मग त्यांनी ठेवलं. घरपण. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. चार सरळ अक्षरं, लांबून दिसणारी. गल्लीत दुसरं कुणाचं नाही, म्हणजे टपालाचाही घोळ नाही. आणि दोन्ही मुलं, दोन्ही सुना एका छपराखाली राहाव्यात, एवढीच त्या बाईची हाव होती.

वेल्डिंगवाल्याने फाटकावर अक्षरं खडूने आखली आणि थबकला. “सिस्टर, फाटक दोन दारांचं आहे. वरची रेघ मधोमध तुटणार. नाव खांबावर घ्या.”

“खांबावर वेल चढणार आहे. फाटक लावलं की नाव एक होतं ना? झालं तर.”

हट्टाला औषध नसतं, नर्सकडेसुद्धा. अक्षरं फाटकावरच बसली.

पुढे काय झालं ते सांगायलाही लाज वाटते. आधी गॅस वेगळे झाले, मग मीटर. भांडण कशावरून, तर गाडी कुणाची आत लावायची यावरून. शेवटी अंगणातून भिंत निघाली ती थेट फाटकापर्यंत, आणि फाटकाच्या मधोमध खांब आला. डावं दार थोरल्याचं, उजवं धाकट्याचं. आता ती दोन दारं पुन्हा कधी एकमेकांना लागणार नव्हती.

सिस्टरांचं काय करायचं, हे भिंतीनंतर आठवलं.

थोरला म्हणाला, “आई, तुला ठेवलं असतं गं आमच्याकडे, पण मुलांना खोली लागते.”

धाकट्याने मागची खोली दिली, तीही जिन्याखालची. सिस्टरांनी आपली पेटी स्वतः उचलली. राग आला होता, फार आला होता. पण तो काढायचा कुणावर, दोन्हीकडे आपलंच रक्त.

एकदा धाकटा फाटकाशी उभा राहून वैतागला. “आई, येणारेजाणारे हसतात गं. त्याच्या दारावर ‘घर’, आणि आपल्या दारावर नुसतं ‘पण’. वेल्डिंगवाल्याला बोलावतो. तू नवीन नाव सुचव, तुला छान सुचतात.”

सिस्टरांनी फाटकाकडे पाहिलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “माझा पत्ता बरोबर आहे.”